शब्द मोजावेत की सेकंद?

छोट्या व्हिडिओंसाठी लिहायला बसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: शब्द किती? त्याचं उत्तरही बहुतेकांना पाठ असतं. तीस सेकंदांना पंचाहत्तर शब्द, मिनिटाला दीडशे. हे माप इंग्रजी बोलण्याच्या वेगावरून आलेलं आहे आणि मराठीत ते जसंच्या तसं वापरलं जातं. त्याच्या जोडीला आणखी एक सल्ला मिळतो: स्क्रिप्ट जितकं छोटं, तितके जास्त लोक रील शेवटपर्यंत पाहतात. मी स्वयंपाक, शेती आणि आरोग्य या विषयांवरच्या रील्ससाठी लिहिते, त्यामुळे हा सल्ला रोज ऐकते. तो खरा आहे का, हे आपल्याच वीस-पंचवीस रील्सवर तपासता येतं. त्याला मोठं गणित लागत नाही. पण सरळ वाटणाऱ्या या हिशेबात दोन-तीन जागा अशा आहेत, की तिथे पाय घसरला तर उत्तर पार उलटं निघतं.

हा प्रश्न मुळात उभा राहिला तो लांबीची सक्ती सुटल्यामुळे. जून २०२० च्या अखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने इथे रील्स सुरू केल्या आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणीही भारतातच केली. सुरुवातीच्या रील्स पंधरा सेकंदांच्या होत्या. पंधरा सेकंदांत सांगायचं म्हटल्यावर किती शब्द, हा प्रश्नच नव्हता. आज दोन्हीकडे निदान तीन मिनिटांची मुभा आहे, म्हणून कुठे थांबायचं हे लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

आधी मोजायचं काय, ते पक्कं करू. ज्याला सगळे ‘कम्प्लिशन रेट’ म्हणतात, ते म्हणजे रील सुरू झालेल्या शंभर जणांपैकी किती जण शेवटच्या क्षणापर्यंत थांबले ते. मी त्याला शेवटाची टक्केवारी म्हणेन. गोंधळ असा होतो, की ॲपमध्ये पटकन दिसणारा आकडा बहुतेक वेळा हा नसतो. तिथे सरासरी पाहण्याचा वेळ दिसतो, किंवा व्हिडिओचा सरासरी किती टक्के भाग पाहिला गेला ते दिसतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वीस सेकंदांची रील घ्या. शंभर जणांपैकी पन्नास जणांनी ती पूर्ण पाहिली आणि उरलेले पन्नास दुसऱ्याच सेकंदाला निघून गेले, तर सरासरी येते अकरा सेकंद, म्हणजे पंचावन्न टक्के. आता दुसऱ्या रीलवर शंभरचे शंभर जण अकराव्या सेकंदाला निघून गेले असं धरा. सरासरी तीच, पंचावन्न टक्के. पहिलीची शेवटाची टक्केवारी पन्नास आहे आणि दुसरीची शून्य. त्यात रील आपोआप पुन्हा सुरू होते, त्यामुळे कुणी दोनदा पाहिली की सरासरी आणखी वर चढते. छोट्या रील्समध्ये हा आकडा शंभराच्या वर गेलेलाही दिसतो. तेव्हा सरासरी सोडून द्यावी आणि रिटेन्शनचा आलेख उघडावा. किती सेकंदाला किती टक्के लोक उरले, हे दाखवणारी ती उतरती रेघ असते. तिचं शेवटचं टोक वाचायचं. हे काम हातानेच करावं लागतं, एका रीलला अर्धा मिनिट जातो, आणि त्याला पर्याय नाही.

आता शब्द. इथे मराठीचा स्वभाव आडवा येतो. आपल्या भाषेत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. ‘कढईत तेल तापल्यावर मोहरी टाका’ हे पाच शब्द झाले. हेच हिंदीत ‘कड़ाही में तेल गरम होने के बाद राई डालिए’ असं म्हटलं, तर नऊ शब्द होतात. जवळजवळ दुप्पट. पण अक्षरं मोजली तर मराठी वाक्यात सोळा आणि हिंदीत एकोणीस आहेत, आणि दोन्ही वाक्यं बोलायला जवळपास सारखाच वेळ लागतो. म्हणजे दुसऱ्या भाषेतलं शब्दांचं माप मराठीला लावलं, तर तेवढ्याच वेळात आपण फार जास्त मजकूर कोंबतो. ‘तीस सेकंदांना पंचाहत्तर शब्द’ लिहून झाल्यावर व्हॉइसओव्हर करताना धाप का लागते, त्याचं कारण हेच. अक्षरं मोजण्याची सवय आपल्याला नवी नाही. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं असतात आणि जोडाक्षर एकच धरलं जातं, हे शाळेत शिकलेलं असतंच. स्क्रिप्टलाही तोच नियम लावता येतो. तरी एकाच माणसाच्या, एकाच विषयावरच्या रील्स आपसांत ताडून पाहायच्या असतील, तर शब्द मोजले तरी चालतं, कारण शब्दांची सरासरी लांबी फारशी बदलत नाही. कुणी वेगवेगळ्या भाषांतल्या रील्स एकत्र मोजत असेल, तर मात्र अक्षरांशिवाय इलाज नाही.

मोजण्याआधी स्क्रिप्ट साफ करावं लागतं. ‘इथे कढई जवळून दाखवायची’ ही सूचना बोलली जात नाही, ती काढायची. ‘२५०’ हा कागदावर एक शब्द असतो, तोंडातून ‘दोनशे पन्नास’ असे दोन येतात, म्हणून आकडे अक्षरांत लिहून घ्यायचे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, लिहिलेलं नाही तर प्रत्यक्ष बोललेलं मोजायचं. ध्वनिमुद्रणाच्या वेळी ‘तर मंडळी’, ‘बघा हं’ अशी भर पडते आणि एखादं वाक्य गळतं. शब्दांची मोजणी गूगल शीट्समध्ये अशी होते:

```
=COUNTA(SPLIT(SUBSTITUTE(A2,CHAR(10)," ")," "))
```

यातला CHAR(10) म्हणजे नवी ओळ. तो तुकडा वगळला तर एका ओळीचा शेवटचा शब्द आणि पुढच्या ओळीचा पहिला शब्द मिळून एकच मोजला जातो. बारा ओळींच्या स्क्रिप्टमध्ये अकरा शब्द असे गडप होतात, आणि ते कुठे गेले हे कळत नाही.

आता एक तुकडी घेऊन हिशेब करू. आकडे समजावण्यासाठी मी मांडलेले आहेत, पण अशा तुकड्यांमध्ये जे दिसतं तेच यात दिसावं अशी काळजी घेतली आहे. कोल्हापुरातली एक ताई स्वयंपाकाच्या रील्स करते असं धरू. तिच्या बारा रील्स आहेत. चार वीस सेकंदांच्या, चार पस्तीस सेकंदांच्या आणि चार पंचावन्न सेकंदांच्या.

वीस सेकंदांच्या रील्समध्ये शब्द होते २८, ३४, ४० आणि ४६. शेवटाची टक्केवारी त्याच क्रमाने ५०, ५४, ५७ आणि ४९.

पस्तीस सेकंदांच्या रील्समध्ये शब्द ५२, ६२, ७० आणि ८०. टक्केवारी ३४, ३८, ४१ आणि ३५.

पंचावन्न सेकंदांच्या रील्समध्ये शब्द ८४, १००, ११२ आणि १३०. टक्केवारी १८, ३०, २३ आणि १७.

दोन रकान्यांतले आकडे किती एकमेकांच्या संगतीने चालतात हे सहसंबंध गुणांक सांगतो. तो उणे एक ते अधिक एक यांच्यामध्ये असतो. शीटमध्ये शब्दांचा रकाना B आणि टक्केवारीचा D असेल, तर `=CORREL(B2:B13,D2:D13)` एवढं लिहिलं की झालं. या बारा रील्सवर उत्तर येतं उणे ०.८९. हे फार जोरकस उत्तर आहे: शब्द वाढले की शेवट गाठणारे घटतात. बहुतेक लोक इथेच थांबतात, शब्द निम्मे करायचं ठरवतात आणि पुढच्या आठवड्यापासून तुटक तुटक बोलू लागतात.

पण थोडं थांबून त्याच शीटमध्ये शब्दांऐवजी सेकंदांचा रकाना घालून पाहा. उत्तर येतं उणे ०.९५. सेकंदांशी असलेलं नातं शब्दांशी असलेल्या नात्यापेक्षाही घट्ट आहे. मग शब्दांच्या नावावर आपण जे मांडलं होतं, ते खरं तर सेकंदांचं होतं का? हे तपासण्याची रीत साधी आहे. सेकंद सारखे ठेवायचे आणि मग शब्दांकडे पाहायचं. वीस सेकंदांच्या चार रील्समध्ये शब्द आणि टक्केवारी यांचा सहसंबंध निघतो शून्य. पस्तीसमध्ये अधिक ०.२३ आणि पंचावन्नमध्ये उणे ०.२१. एक शून्य, एक वर, एक खाली. उणे ०.८९ चा तो मोठा आकडा गटांत शिरताच विरघळून गेला.

असं का होतं, याचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण ते फक्त या ताईपुरतं नाही. समजा, रील कितीही चांगली असो, दर सेकंदाला समोर बसलेल्यांपैकी शंभरातले तीन जण अंगठा वर सरकवतात. कुणाला फोन येतो, कुणाचा बस स्टॉप येतो, कुणाला विषयच नको असतो. स्क्रिप्टचा दर्जा काडीचाही न बदलता फक्त लांबी वाढवत गेलो, तर वीस सेकंदांच्या शेवटी शंभरातले ५४ उरतात, पस्तीसच्या शेवटी ३४ आणि पंचावन्नच्या शेवटी १९. ताईच्या तीन गटांत जवळपास हेच आकडे आहेत. लांब रीलची टक्केवारी कमी येणं हा लिहिणाऱ्याचा दोष नाही, ती वजाबाकी आहे. आणि लांब रीलमध्ये शब्दही जास्त असतातच, म्हणून दोष शब्दांच्या माथी बसतो.

यावर उपाय म्हणजे टक्केवारीऐवजी गळतीचा दर काढणं. दर सेकंदाला सरासरी किती टक्के लोक निघून गेले, हे या सूत्राने मिळतं, ज्यात C मध्ये सेकंद आहेत आणि D मध्ये टक्केवारी:

```
=100*(1-(D2/100)^(1/C2))
```

चाळीस शब्दांची, वीस सेकंदांची रील घ्या. तिचा शेवट ५७ टक्क्यांनी गाठला आणि गळती निघते सेकंदाला २.८ टक्के. एकशे बारा शब्दांची, पंचावन्न सेकंदांची रील घ्या. तिचा शेवट फक्त २३ टक्क्यांनी गाठला आणि गळती निघते २.६ टक्के. सत्तावन्न आणि तेवीस हे आकडे शेजारी ठेवले तर दुसरी रील फसली असंच कुणीही म्हणेल. प्रत्यक्षात तिने माणसांना क्षणाक्षणाला किंचित जास्तच धरून ठेवलं होतं. कमी लोकांनी शेवट गाठला, कारण शेवट दूर होता.

ही गळतीची सरासरीही आंधळेपणाने वापरू नये, कारण माणसं दर सेकंदाला सारखी गळत नाहीत. रिटेन्शनची रेघ पहिल्या दोन-तीन सेकंदांत कड्यासारखी कोसळते आणि मग उतारावर येते. त्या पहिल्या तीन सेकंदांत निघून गेलेल्या माणसाने स्क्रिप्ट ऐकलेलंच नसतं. त्याने पहिलं चित्र पाहिलं, फार तर चार-पाच शब्द ऐकले आणि तो गेला. स्क्रिप्ट चाळीस शब्दांचं आहे की एकशे तीस शब्दांचं, हे त्याला माहीत असण्याची शक्यताच नाही. मग त्याच्या जाण्याचा हिशेब शब्दसंख्येच्या खात्यावर कसा टाकायचा? म्हणून तिसऱ्या सेकंदाला जे उरले, त्यांना शंभर धरून पुढे मोजावं.

त्याच दोन रील्सच्या आलेखांवर हे करून पाहू. चाळीस शब्दांच्या रीलवर तिसऱ्या सेकंदाला ७६ टक्के उरले होते आणि शेवटी ५७. पुढच्या सतरा सेकंदांत गळती सेकंदाला १.७ टक्के. एकशे बारा शब्दांच्या रीलवर तिसऱ्या सेकंदालाच ६० टक्के उरले होते आणि शेवटी २३. पुढच्या बावन्न सेकंदांत गळती १.८ टक्के. दोन्ही स्क्रिप्टनी माणसांना जवळजवळ सारखंच धरलं. खरा फरक पडला तो तीन सेकंदांच्या आत. पहिल्या रीलमध्ये सुरुवातीला ७६ जण थांबले आणि दुसरीत साठच. दुसऱ्या रीलच्या सुरुवातीला ताई नमस्कार करते, चॅनेलचं नाव सांगते आणि मग भांडं दिसतं. पहिलीत पहिल्याच क्षणी फोडणी तडतडते. आता विचार करा, शब्द जास्त झाले असं समजून तिने एकशे बारा शब्दांचे ऐंशी केले असते आणि नमस्कार तसाच ठेवला असता, तर ज्या जागी गळती होती ती जागा तशीच राहिली असती.

रीलच्या दुसऱ्या टोकालाही असाच घोटाळा असतो. ताईची एकशे तीस शब्दांची रील पाहा. सतरा टक्के, बाराही रील्समध्ये सगळ्यांत खाली. पण आलेखावर बोट ठेवून पाहिलं तर दिसतं, की तिचं बोलणं एक्कावन्नाव्या सेकंदाला संपतं आणि त्या क्षणी २४ टक्के लोक समोर असतात. उरलेल्या चार सेकंदांत पडद्यावर फक्त ‘आवडलं तर फॉलो करा’ अशी पाटी आहे. पदार्थ झाला, चव घेऊन झाली, सांगायचं संपलं, हे पाहणाऱ्याला कळतं आणि तो जातो. सात जण त्या पाटीवर गेले. स्क्रिप्टचा यात काही संबंध नाही. म्हणून शेवट म्हणजे व्हिडिओची शेवटची फ्रेम असं न धरता, शेवटचा शब्द उच्चारला तो क्षण धरावा. असं केलं की या रीलची गळती ३.२ वरून २.८ टक्क्यांवर येते. एका बाजूला आणखी एक गोष्ट लक्षात येते: एकशे तीस शब्द पंचावन्न नव्हे, एक्कावन्न सेकंदांत बोलले गेले. म्हणजे सेकंदाला अडीच शब्द, बाराही रील्समध्ये सगळ्यांत वेगवान बोलणं.

वेगाचा विषय निघालाच आहे, तर तिथेच जाऊ, कारण शब्दांबद्दलचा खरा प्रश्न तोच आहे. सेकंद ठरलेले असतील तर शब्द वाढवणं म्हणजे भरभर बोलणं. गटांतला सहसंबंध शून्याच्या आसपास आला याचा अर्थ नातं नाही असाच होतो असं नाही. सहसंबंध गुणांक सरळ रेघ शोधतो. नातं आधी चढणारं आणि मग उतरणारं असेल, तर चढ आणि उतार एकमेकांना खाऊन टाकतात आणि उत्तर शून्य येतं. वीस सेकंदांच्या गटात अगदी हेच झालं: ५०, ५४, ५७ आणि मग ४९. पस्तीसच्या गटातही ३४, ३८, ४१, ३५. कागदावर ठिपके काढले की डोंगर दिसतो. म्हणून गुणांक काढण्याआधी ठिपके काढावेत, हा माझा आग्रह असतो. शब्दांना सेकंदांनी भागलं तर या डोंगराचं शिखर सेकंदाला दोन शब्दांच्या आसपास येतं. दीडच्या खाली बोलणं रेंगाळतं, सव्वादोनच्या वर कान मागे पडतो, असं म्हणावंसं वाटतं.

म्हणावंसं वाटतं, पण लगेच म्हणू नये. डोंगराच्या उजव्या उतारातली एक रील पाटीमुळे खाली गेली होती, हे आत्ताच पाहिलं. डाव्या बाजूचं काय? सगळ्यांत कमी शब्दांच्या तिन्ही रील्स, अठ्ठावीस, बावन्न आणि चौऱ्याऐंशी शब्दांच्या, ताईने पहिल्या महिन्यात केलेल्या होत्या. तेव्हा ती कॅमेऱ्यासमोर बुजत होती म्हणून कमी बोलत होती, आणि तेव्हाच प्रकाशही अपुरा होता, आवाजही भांड्यांच्या खणखणाटात बुडत होता. लोक संथपणामुळे गेले की अंधाऱ्या चित्रामुळे, हे या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. आणि पंचावन्न सेकंदांच्या गटात ३० टक्क्यांचा जो आकडा उठून दिसतो, ती तिळाच्या लाडवांची रील आहे, संक्रांतीच्या दोन दिवस आधी टाकलेली. तिच्यात शंभर शब्द आहेत म्हणून शंभर हा शुभ आकडा ठरत नाही. त्या दोन दिवसांत ज्यांना लाडू करायचे होते, ते पाकाची कसोटी कळेपर्यंत थांबणारच.

योगायोगाचाही हिशेब ठेवावा लागतो. रील चारशे जणांनी पाहिली असेल, तर तिच्या शेवटाच्या टक्केवारीत पाच टक्क्यांचा चढउतार कुठलंही कारण नसताना होऊ शकतो. शंभरच जणांनी पाहिली असेल तर दहा टक्क्यांचा. ताईच्या ५४ आणि ५७ मध्ये फरक आहे असं म्हणायला चारशे व्ह्यूज अगदी अपुरे आहेत. दहा हजार व्ह्यूज असतील तर चढउतार एका टक्क्यावर येतो, पण तेव्हाही चार रील्स म्हणजे चारच वेगळे पदार्थ असतात. पिठलं आणि पुरणपोळी यांच्यातला फरक दहा हजार माणसांनी पाहिल्याने मिटत नाही.

एक अडचण मला सगळ्यांत फसवी वाटते, कारण तिच्यामुळे चांगल्या रील्स वाईट दिसतात. रील टाकल्यावर पहिल्या दिवशी ती मुख्यतः ओळखीच्या प्रेक्षकांना, म्हणजे फॉलो करणाऱ्यांना दिसते. ती चालली की पुढे अनोळखी लोकांसमोर जाते. अनोळखी माणूस लवकर सोडून जातो. त्यामुळे जी रील जास्त दूर पोचली, तिची शेवटाची टक्केवारी नंतर घसरते, आणि जी घरातल्या घरात राहिली तिची वरच राहते. यासाठी सगळ्या रील्सचे आकडे सारख्याच वयाला घ्यावेत. चौदाव्या दिवशी म्हणा. कालची रील आणि तीन महिन्यांपूर्वीची रील आज एकत्र मोजली, तर आपण स्क्रिप्ट नव्हे, प्रेक्षक मोजत असतो.

मग या बारा रील्सवरून ताईने काय मानावं? माझ्या मते एकच गोष्ट पक्की आहे: टक्केवारीतला मोठा फरक सेकंदांमुळे आहे, शब्दांमुळे नाही. सेकंदाला दोन शब्दांचा वेग हा अंदाज आहे, तपासण्याजोगा, पण अजून अंदाजच. आणि साठ टक्क्यांवर सुरू झालेली रील दुरुस्त करायची असेल तर कात्री नमस्कारावर चालवावी, पाककृतीवर नाही.

अंदाज तपासायचा तर जुने आकडे उकरून भागत नाही, मुद्दाम फरक करून पाहावा लागतो. लांबी एकच ठेवायची, पस्तीस सेकंद. पदार्थ रोजच्या जेवणातलेच घ्यायचे, सणाचे नाहीत. पहिलं चित्र प्रत्येक वेळी कढईतलं. शेवटी पाटी नाही. मग एका रीलला पंचावन्न शब्दांचं स्क्रिप्ट, पुढच्या रीलला पंचाहत्तर शब्दांचं, असं आलटूनपालटून. कुठल्या पदार्थाला लांब स्क्रिप्ट द्यायचं हे मनाने ठरवू नये, चिठ्ठी टाकावी. नाहीतर जो पदार्थ आपल्याला आवडतो त्यालाच जास्त शब्द जातात आणि पुन्हा तोच गुंता होतो. दोन्ही बाजूंना दहा-दहा रील्स झाल्या की तिसऱ्या सेकंदापासून शेवटच्या शब्दापर्यंत किती टिकले, याची दोन सरासऱ्या शेजारी ठेवायच्या. इन्स्टाग्रामने डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायल रील्स आणल्या, त्या आधी फक्त फॉलो न करणाऱ्यांना दाखवल्या जातात. ती सोय ज्यांच्या खात्याला मिळते, त्यांच्यासाठी ओळखीच्या प्रेक्षकांची भेसळही टळते. आठवड्याला दोन रील्स टाकणाऱ्याला हे सगळं करायला अडीच महिने लागतात.

तुम्ही रील्स करत असाल किंवा कुणासाठी लिहून देत असाल, तर आजपासून एक वही घाला. दर रीलला एक ओळ आणि तिच्यात एवढंच: टाकल्याची तारीख, पदार्थ किंवा विषय, प्रत्यक्ष बोललेले शब्द, शेवटचा शब्द कितव्या सेकंदाला संपला, आणि चौदाव्या दिवशी तिसऱ्या सेकंदाला किती टक्के होते व त्या शेवटच्या शब्दाला किती. आलेख उघडून हे सहा आकडे उतरवायला दोन मिनिटं लागतात. स्क्रिप्ट कापायला घेण्याआधी अशा वीस ओळी तरी जमू द्या.